बावीस सेक्टरातून ४५ अंशांवर



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे, असा रिवाज आहे. तो आज मी मोडणार आहे. आपल्या कामातले सर्वांत साधे समजले जाणारे एकच गणित आपल्यापुढे मांडतो : ठिकाण माहीत, बेअरिंग माहीत, अंतर किलोमीटरमध्ये माहीत, तर पोहोचण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढा. हे गणित इथेच, चंडीगडच्या बावीस सेक्टरात मांडायला एक निमित्तही आहे. या शहराचे रस्ते काटकोनात आखलेले असल्यामुळे नवख्या माणसाला वाटते की, समोरचा रस्ता सरळ उत्तरेला जातो. तसे नाही. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात अख्खी जाळी तिरकी बसली आहे आणि जन मार्ग कॅपिटॉल संकुलाकडे जातो तो ईशान्येच्या अंगाने. रस्त्याला उत्तर मानून बेअरिंग घेणाऱ्याचे उत्तर पहिल्याच पायरीला बिघडते.

सोयीसाठी आपण सुरुवातीचा बिंदू बावीस सेक्टरात ३०.७३३० उत्तर, ७६.७७४० पूर्व असा धरू. बेअरिंग ४५ अंश, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले. अंतर आधी फक्त तीन किलोमीटर घेऊ.

शाळेतली रीत सांगते, अंतराचे दोन भाग करा. उत्तरेकडे ३ × cos ४५, पूर्वेकडे ३ × sin ४५, दोन्ही २.१२१ किलोमीटर. आता किलोमीटरचे अंश करायचे, आणि नवी मुले अडखळतात ती इथेच. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर हे पाठ असते, म्हणून रेखांशालाही तेच लावून मोकळे होतात. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. बावीस सेक्टराच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश ९६ किलोमीटरच्याही आत आहे. अक्षांशाच्या cos ने भागायचे राहिले, तर तीन किलोमीटरच्या कामातच बिंदू तीनशे मीटर पश्चिमेला सरकतो. चुकीची ओळखही सोपी आहे : उत्तरेकडचे माप बरोबर आणि पूर्वेकडचे सारखे कमी भरत असेल, तर cos राहिला आहे.

आता अंतर शंभर किलोमीटर करू, दिशा तीच. इथे वक्रता दुर्लक्षून चालत नाही. गोलावरचे सूत्र आपल्या सगळ्यांच्या वहीत असते :

```
δ = d / 6371
φ2 = asin(sin φ1 · cos δ + cos φ1 · sin δ · cos θ)
λ2 = λ1 + atan2(sin θ · sin δ · cos φ1, cos δ − sin φ1 · sin φ2)
```

φ अक्षांश, λ रेखांश, θ बेअरिंग, d किलोमीटरमधले अंतर. संगणकाला कोन रेडियनमध्ये द्यायचे आणि उत्तर पुन्हा अंशांत आणायचे. साध्या atan ऐवजी atan2 अशासाठी की, त्याला चारही दिशा वेगळ्या ओळखता येतात. आकडे भरले की उत्तर येते ३१.३६६८ उत्तर, ७७.५१८८ पूर्व. नकाशावर पाहा : नारकंडा मागे टाकून आपण सतलजच्या खोऱ्याकडे, रामपूर बुशहरच्या अलीकडे उतरलो आहोत. हे अंतर अर्थात हवाई. सिमल्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या किलोमीटरशी त्याचा मेळ घालायला जाऊ नये.

हेच काम शाळेतल्या सपाट रीतीने केले असते तर? उत्तर ३१.३६८९, ७७.५१३८ आले असते. म्हणजे सव्वापाचशे मीटरची चूक. डोंगरात एवढ्यात दरीचा काठ बदलतो. ही चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उलटे वाचले, तर तीन किलोमीटरला ती अर्ध्या मीटरच्या आसपासच राहते. मग शहरात सपाट रीत पुरेशी आहे, असे म्हणून आपण सुटलो का?

नाही, आणि मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. सूत्रातला ६३७१ हा आकडा सरासरी गोलाचा आहे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, आणि डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलावर बावीस सेक्टरापाशी अक्षांशाचा एक अंश ११०.८६ किलोमीटर, तर रेखांशाचा ९५.७७ किलोमीटर भरतो. गोल धरला तर हेच आकडे १११.१९ आणि ९५.५८ येतात. फरक किरकोळ दिसतो. पण तीन किलोमीटरच्या रेषेवर तो सात-आठ मीटरचा होतो. म्हणजे शहरात वक्रता सोडून दिल्याने होणाऱ्या चुकीपेक्षा, पृथ्वी गोल मानल्याने होणारी चूक पंधरापट मोठी! स्थानिक लंबगोलाचे आकडे घेऊन केलेला सपाट हिशेब इथे ‘अचूक’ म्हणून मिरवणाऱ्या गोलाच्या सूत्राला हरवतो. शंभर किलोमीटरवर गोलाची चूक अडीचशे मीटरच्या घरात जाते. तिथे १९७५ सालची व्हिन्सेंटीची पद्धत किंवा तिच्या पुढची साधने वापरावीत. आज ती फुकट मिळतात आणि मिलिमीटरपर्यंत उत्तर देतात. हातात बारा दशांशस्थळे दाखवणारे सूत्र आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, तेव्हा मला जास्त भीती वाटते.

आता ताळा. आलेल्या बिंदूवरून मूळ बिंदूपर्यंतचे अंतर आणि दिशा उलट काढून पाहायची. अंतर शंभर किलोमीटर यायलाच हवे. पण परतीचे बेअरिंग २२५ यावे, अशी अपेक्षा ठेवू नका. ते २२५.३८ येते, आणि ते बरोबर आहे. रेखांशाच्या रेषा समांतर नसल्यामुळे तिथली उत्तर इथल्या उत्तरेशी थोडी तिरकी असते. नेमके २२५ धरून परत निघालेला माणूस बावीस सेक्टराला पावणेसातशे मीटरच्या आसपास चुकवील. एक मात्र ध्यानात असू द्या, की हा ताळा त्याच गोलावर घेतला तर तो फक्त सूत्र टंकताना झालेली चूक पकडतो. ६३७१ ची चूक जाताना जेवढी तेवढीच येताना असते, म्हणून ताळा अगदी जुळतो आणि बिंदू चुकलेलाच राहतो.

शेतात, रानात होणाऱ्या चुका याहून साध्या असतात. होकायंत्राने घेतलेले बेअरिंग चुंबकीय उत्तरेचे असते. दुरुस्ती न करता भरले, तर दर अंशामागे शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर जातात. ४५ अंश ३० मिनिटे हे यंत्रात ४५.३० असे भरले जाते, खरे तर ते ४५.५० हवे, एवढ्यानेही साडेतीनशे मीटर गेले. आणि मूळ बिंदूच दुसऱ्या चौकटीतला असेल, तर पुढचे सगळे कष्ट फुकट. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर आहेत, हातातला फोन डब्ल्यूजीएस ८४ वर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ च्या चौकटीत आणले, पण कचेऱ्यांच्या कपाटांतल्या जुन्या शीट अजून वापरात आहेत. त्यांच्यावरून वाचलेला बिंदू रूपांतर न करता फोनच्या बिंदूशेजारी मांडू नये.

म्हणून या अधिवेशनापुढे माझी एकच मागणी आहे. आपल्या कोणत्याही अहवालात काढलेल्या बिंदूशेजारी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : उत्तर कोणती धरली, चौकट कोणती घेतली आणि हिशेब गोलावर केला की लंबगोलावर. अहवालाच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल. तसा ठराव आज संध्याकाळच्या सत्रात येणार आहे. त्याला आपण पाठिंबा द्यावा, ही विनंती.