विहिरीच्या भिंतीवरचा हिशेब

पारनेर तालुक्यातल्या एका जुन्या विहिरीत मी उतरलो होतो. एप्रिल महिना, विहीर कोरडी ठाक. पायऱ्या उतरताना आधी काळी माती लागली, मग पंधरा-वीस फूट मुरूम, म्हणजे उन्हापावसानं झिजून भुसभुशीत झालेला खडकच. त्याखाली भेगाळलेला दगड आणि तळाशी सलग काळा पाषाण. मुरूम आणि भेगा जिथं होत्या, तिथंच भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ वाळले होते. वर्षानुवर्षं पाझर तिथूनच यायचा. पाषाणाची भिंत मात्र कोरी होती.

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग अशाच बेसॉल्टचा आहे. गंगेच्या खोऱ्यात गाळाचे जाडजूड थर आहेत आणि वाळूच्या कणाकणांमध्ये पाणी मावतं. आपल्याकडे पाण्याला जागा आहे ती मुरुमात आणि भेगांत. अशा शंभर घनमीटर खडकातून उपसून दोनेक घनमीटर पाणी हाती आलं, तरी पुष्कळ.

ही जागा भरते कशी? पहिले पाऊस तापलेली माती पिऊन टाकते. काळ्या रानात भेगा असतात तोवर थोडं पाणी थेट खाली जातं. माती फुगली की त्या मिटतात. पुढं मातीची तहान भागल्यावर जे उरतं, तेच मुरुमात उतरतं. म्हणून तासाभरात कोसळून ओढ्यानं निघून जाणाऱ्या पावसापेक्षा चार दिवसांची झड विहिरीला जास्त देते.

आता एका एकराचा ढोबळ हिशेब मांडू. पाऊस पाचशे मिलिमीटर झाला आणि त्याचा दहावा हिस्सा मुरला असं धरा. पन्नास मिलिमीटर, म्हणजे एकरी दोन लाख लिटर. खडकात जागा शंभरात दोनच असल्यामुळे एवढ्याशा पाण्यानं पातळी अडीच मीटर चढते. विहीर तुडुंब दिसते आणि आपण फसतो. कारण उपशाचंही तेच गणित आहे: तेवढंच पाणी काढलं की पातळी तितकीच खाली येते. पाऊस वजा जाता उसाला दीड मीटर पाणी दिलं, तर एकरी साठ लाख लिटर होतात. त्यातलं चतुर्थांश पुन्हा मुरलं असं मानलं, तरी पंचेचाळीस लाख गेले. एक एकर ऊस बावीस-तेवीस एकरांचं मुरलेलं पाणी पितो. ते पाणी शेजाऱ्यांच्या रानाखालून येतं. मोटर चालू झाली की विहिरीभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खोल जाते, आणि दोन विहिरींची नरसाळी एकमेकांत घुसली की दोन्ही लवकर आटतात.

मग माणूस बोअर घेतो. त्या जुन्या विहिरीपासून पन्नास पावलांवर असं एक बोअर होतं. केसिंग पाइप फक्त माती आणि सैल मुरुमापुरता. खाली उघडा खडक. बोअरच्या तोंडाशी कान लावला, तर आत पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. वरच्या भेगांतलं पाणी बोअरमधून खालच्या भेगांत पडत होतं. चारशे फुटांवर लागलेलं पाणी पुष्कळदा नवं नसतं. ते आपल्याच विहिरीचं खाली गेलेलं पाणी असतं. आणि खरोखरच खोल भेगेतलं असलं, तर तिथवर नवं पाणी पोचायला सलग पाषाणामुळे फार काळ लागतो. पहिल्या वर्षी बोअर धो धो चालतं, तिसऱ्या वर्षी गाळ-हवा फेकतं. बोअरसाठी काढलेल्या कर्जानं मोडलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीनं सांगतो.

शेततळ्याचंही तेच. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं, तर ते उपयोगाचं. पण प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्यानं भरलं, तर जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो.

पातळी घसरतेय हे विहीर कोरडी पडण्याआधीच कळतं. मोटर बंद केल्यावर विहीर किती वेळात भरते, हे घड्याळ लावून बघा. पूर्वी रात्रीत भरणारी विहीर दोन दिवस घेऊ लागली, की मुरुमातला साठा संपत आलाय असं समजा. दुसरी खूण ओढ्याची. दिवाळीनंतरही वाहणारा ओढा म्हणजे भरलेल्या मुरुमाची सांडच. तो दसऱ्यालाच थांबला, तर गावाचा उपसा जास्त झालेला असतो किंवा पाऊस कमी मुरलेला असतो. नुसते बंधारे बांधून हे सुटत नाही, कारण बंधारा मुरणं वाढवतो, उपशाला आवर घालत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दोन्ही टोकं धरली. माथ्यापासून चर आणि बंधारे केले. पण त्याबरोबर शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस लावायचा नाही, असंही गावानं ठरवलं. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर रब्बीचं पीक गावाच्या बैठकीत ठरवायचं. पाणी कमी भरलं, तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी नाहीत.

त्या बैठकीला लागणारं साधन म्हणजे दगड बांधलेली एक दोरी. ऑक्टोबरात तिनं विहिरीची पातळी मोजायची, पाणी किती हातांवर आहे ते देवळाच्या भिंतीवर लिहायचं, आणि गव्हाचं बी आणायचं की हरभऱ्याचं, ते त्यानंतर बोलायचं.