घटसर्पाची लस जंतूला मारत नाही, मग वाचवते कशी?



लसीबद्दल बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो. "आजूबाजूच्या सगळ्या मुलांनी लस घेतलीय, मग आमच्या एकट्याने नाही घेतली तर काय बिघडतं?" गोवराच्या बाबतीत या म्हणण्याला निदान थोडाफार आधार आहे. घटसर्पाच्या, म्हणजे डिप्थेरियाच्या बाबतीत मात्र तो आधार फारच कच्चा आहे. का, ते एका खऱ्या घटनेवरून सांगते.

२०१५ सालचा मे महिना. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतात ओलोत नावाचं गाव आहे. तिथल्या सहा वर्षांच्या एका मुलाला घटसर्प झाला. त्याच्या आईवडिलांनी त्याला लस दिलेली नव्हती. देशात जवळजवळ तीस वर्षं हा आजार दिसलेला नव्हता, त्यामुळे त्यावरचं औषध, अँटिटॉक्सिन, तिथे उपलब्धच नव्हतं. ते रशियातून मागवावं लागलं. जून संपता संपता तो मुलगा गेला.

आता पुढचा भाग नीट ऐका. आरोग्य खात्याने त्या मुलाच्या संपर्कातल्या लोकांच्या घशातले नमुने तपासले. आठ मुलांच्या घशात घटसर्पाचा जंतू सापडला. त्या आठही मुलांनी लस घेतलेली होती आणि त्यांच्यापैकी एकही आजारी पडलं नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, लस घेऊनही जंतू घशात आहेच, मग लसीने केलं काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या जंतूच्या काम करण्याच्या पद्धतीत आहे.

घटसर्पाचा जंतू शरीरात फारसा खोल जातच नाही. तो घशात, नाकात, कधी त्वचेवर बसून राहतो. पण रोग्याचं हृदय बिघडतं, टाळूचे स्नायू लुळे पडतात, पाणी प्यायलं तर नाकातून बाहेर येतं. १८८४ साली लफ्लर या जर्मन शास्त्रज्ञाला हेच कोडं पडलं होतं: जंतू घशात, आणि इजा दूरच्या अवयवांना. जंतू एखादं विष सोडत असणार, असं त्याने मांडलं. चार वर्षांनी पॅरिसमध्ये रू आणि येर्सँ यांनी जंतू वाढवलेलं द्रव बारीक गाळणीतून गाळलं. जंतू वर राहिले. खाली आलेलं स्वच्छ पाणी प्राण्यांना टोचलं, तरी ते प्राणी घटसर्पासारखेच आजारी पडून मेले. म्हणजे मारणारा जंतू नव्हे, त्याने सोडलेलं विष.

हे विष म्हणजे एक प्रथिन आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. त्यांना ए आणि बी म्हणतात. बी भाग आपल्या पेशीच्या बाहेरच्या एका कडीला धरतो. पेशीला वाटतं काहीतरी कामाचं आलंय, म्हणून ती त्याला एका पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीच्या आतलं वातावरण आम्लयुक्त होतं, तसा बी भागाचा आकार बदलतो, तो पिशवीच्या भिंतीत घुसतो आणि ए भागाला पलीकडे, पेशीच्या आत ढकलतो.

आत काय चाललेलं असतं? प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाची यंत्रं प्रथिनं बनवत असतात. शिवणयंत्रासारखं समजा: एक टाका पडला की कापड एक पाऊल पुढे सरकलं पाहिजे, नाहीतर पुढचा टाका पडणार कुठे? रायबोसोममध्ये हे पुढे सरकवण्याचं काम ईएफ-२ नावाचं प्रथिन करतं. ए भाग नेमकं यालाच गाठतो. पेशीतल्या एनएडी नावाच्या रेणूचा एक तुकडा तोडून तो ईएफ-२ वर एका ठरावीक जागी चिकटवतो. ईएफ-२ निकामी होतं, कापड सरकायचं थांबतं, प्रथिनं बनणं बंद पडतं आणि पेशी मरते.

यात भीतीदायक गोष्ट ही की ए भाग स्वतः खर्ची पडत नाही. एक ईएफ-२ बिघडवलं की तो दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. पेशीच्या आत पोचलेला ए भागाचा एकच रेणू ती पेशी मारायला पुरतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. घशात मेलेल्या पेशींचा राखाडी, चिवट पापुद्रा साचतो. तो ओढायला गेलं की रक्त येतं, आणि डॉक्टरला शंका येते ती तिथेच. उरलेलं विष रक्तातून हृदयाकडे आणि मज्जातंतूंकडे जातं.

अँटिटॉक्सिनला घाई का लागते तेही यावरून कळेल. ते रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. पेशीच्या आत शिरलेल्या विषाला ते हात लावू शकत नाही. पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक जंतू मारतं, म्हणजे नवं विष बनणं आणि दुसऱ्याला लागण होणं थांबतं, पण आधीच सुटलेल्या विषाला तेही काही करत नाही.

आता लस. १९२३ साली गास्ताँ रामाँ या फ्रेंच संशोधकाने या विषात फॉर्मालिन मिसळून ते काही आठवडे उबेत ठेवलं. विषाचा विषारीपणा गेला, पण बाहेरचा आकार बराचसा तसाच राहिला. दात काढलेला साप म्हणा. यालाच टॉक्सॉइड म्हणतात. (फॉर्मालिनचं नाव ऐकून दचकू नका. लसीत ते नाममात्र उरतं, आणि फॉर्माल्डिहाइड आपलं शरीर रोज स्वतःही तयार करत असतं.) टॉक्सॉइड टोचलं की शरीर त्या आकाराविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. खरं विष आलं की ही प्रतिपिंडं त्याला चिकटतात, बी भागाला पेशीची कडी धरता येत नाही आणि ए भाग आत पोचत नाही.

या सगळ्यात जंतूला कुणी हात लावला का? नाही. टॉक्सॉइडमध्ये घटसर्पाचा जंतू नसतो, आणि त्यातून तयार झालेली प्रतिपिंडं जंतूला ओळखत नाहीत. म्हणून ओलोतच्या आठ मुलांच्या घशात तो शांतपणे बसला होता. त्याने सोडलेलं विष त्या मुलांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी अडवलं. नवव्याकडे ती प्रतिपिंडं नव्हती.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लस घेतलेल्यांमध्ये जंतूचा फैलाव काही प्रमाणात कमी होतो, कारण आजारी माणूस जास्त जंतू पसरवतो. पण धडधाकट दिसणारा, लस घेतलेला खेळगडीसुद्धा तो घशात वागवू शकतो. इतरांच्या लसीमागे लपायला घटसर्पात जागा कमी आहे.

आपल्या देशातही हे दिसलंय. २०१६ साली केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात घटसर्प पसरला, तेव्हा रुग्णांमध्ये लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं बरीच होती, आणि त्यांत तुमच्या वयाची मुलंमुलीही होती. वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्रतिपिंडं वर्षांगणिक कमी होत जातात. सरकारी वेळापत्रकात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस आहे, मग सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांना डीपीटीचे बूस्टर, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी. बाळाचे डोस बहुतेक घरांत होतात. सुटतात ते शेवटचे दोन, कारण तोवर कार्ड कुठल्या पेटीत गेलं हे अम्मीलाही आठवत नाही. कार्ड सापडलं नाही तरी सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. काय राहिलंय आणि आता किती डोस लागतील, ते तिथे सांगतील.