पूर ओसरल्यावरची रजा : मालकाकडे काय मागायचं, कसं मागायचं

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



मागच्या सभेत एका ताईनं विचारलं होतं, "मॅडम, शेजारच्या गावात पूर आला तर आम्हाला जावंसं वाटते, पण दुकानदार सुट्टी देत नाही. मग काय करायचं?" आपल्यातल्या कितीतरी जणी आता दुकानात, दवाखान्यात, शाळेत, पतसंस्थेत कामाला जातात. कुणाचा मुलगा सिमेंट कारखान्यात, कुणाचे मालक कोळसा खाणीत ठेकेदाराकडे. म्हणून आज मी फक्त या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

ऑगस्ट 2020 च्या शेवटचे दिवस आठवा. आपल्याकडं म्हणावा तसा पाऊस नव्हता. पाऊस पडला वर, मध्य प्रदेशात. ते पाणी वैनगंगेनं आलं, गोसेखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले, आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडज, पिंपळगाव (भोसले), बेलगाव अशा नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. तिकडं देसाईगंज, गडचिरोलीकडंही तीच गत. रोवणी झालेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा एमएसडब्ल्यूला होते. कोरोनामुळे कॉलेज बंद, म्हणून घरीच होते.

आमच्या ओळखीतल्या एका गटातल्या ताई तालुक्याच्या गावी एका कापड दुकानात कामाला होत्या. दुकानात चौदा माणसं. पुराची बातमी आली त्याच दिवशी ताई मालकाला म्हणाल्या, "भाऊ, मला उद्यापासून सुट्टी पाहिजे, पुरात मदतीला जायचं आहे." मालक म्हणाले, "किती दिवस?" ताई म्हणाल्या, "काम होईपर्यंत." मालकांनी सरळ नाही म्हटलं.

मला तेव्हा मालकांचा खूप राग आला. मी ताईंना पानभर अर्ज लिहून दिला. त्यात माणुसकी, सामाजिक बांधिलकी, सगळं होतं. मालकांनी दोन ओळी वाचल्या आणि अर्ज गल्ल्याखाली सरकवून दिला. आज वाटतं, चूक माझीच होती. त्या पानात मालकांना पाहिजे असलेलं एकही उत्तर नव्हतं.

आमची पहिली चूक दिवसांची. पाणी चढत असताना आपण जाऊन काय करणार? तेव्हा काम असतं बोटीचं आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचं. आपण काठावर गेलो तर आपल्यालाच सांभाळावं लागतं. भामरागडला तर पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं की बाहेरचा माणूस पोचूच शकत नाही. आपलं काम सुरू होतं पाणी उतरल्यावर. घरात गुडघाभर गाळ असतो. विहीर उपसून टीसीएल टाकायचं असतं. तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं घर सुटू नये, हे कुणीतरी पाहायचं असतं. हे काम आठवडाभर चालतं, आणि नेमकं तेव्हाच मदतीला आलेली गर्दी पांगते. म्हणून रजा मागायची ती पाणी उतरल्यावरची. यात दोन-तीन दिवस हाताशी मिळतात. तेवढ्यात नीट अर्ज होतो, आणि मालकालाही सोय करता येते.

दुसरी गोष्ट हक्काची. खाजगी नोकरीत "पूरमदतीची रजा" म्हणून वेगळी हक्काची रजा नाही, हे आधी समजून घ्या. मग आपल्याकडं काय आहे? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा आहे. 2020 मध्ये दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानाला तो लागू होत होता. त्यात वर्षाला 8 किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या दर तिमाहीला खात्यावर जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांना दोन. वापरल्या नाहीत तर वर्षाअखेर जातात. दुसरी भरपगारी रजा साठते, पण ती पंधरा दिवस आधी मागायची असते, आणि पूर काही पंधरा दिवस आधी सांगून येत नाही. म्हणून आपल्या कामाची ती किरकोळ रजा.

ताईंचा हिशेब आम्ही मांडला. जानेवारी, एप्रिल, जुलै मिळून 6 रजा जमा. त्यातल्या 3 वापरलेल्या. उरल्या 3. ताईंना गावात चार दिवस पाहिजे होते. म्हणून तीन दिवस पगारी आणि एक दिवस बिनपगारी असं मागायचं ठरलं. महिन्याला 7,500 पगार, म्हणजे एका दिवसाचे 250 रुपये जाणार. ताईंनी घरी विचारलं, मग हो म्हटलं. हा हिशेब आधी करणं गरजेचं आहे. पगार कापलेला महिना संपल्यावर कळला तर घरात भांडण होते.

मग दुसरा अर्ज लिहिला. तो तुम्ही उतरून घ्या:

"विषय : पूरग्रस्त गावात मदतकामासाठी रजा मिळण्याबाबत.

मा. मालक यांस, पाणी उतरल्यावर (गावाचे नाव) येथे घरातील गाळ काढणे व विहीर स्वच्छ करणे या कामासाठी मला तारीख ... ते ... अशी चार दिवस रजा हवी आहे. माझ्या शिल्लक 3 किरकोळ रजा वापराव्यात व चौथा दिवस बिनपगारी धरावा. या दिवसांत साडी विभागात माझ्या जागी (सहकाऱ्याचे नाव) उभ्या राहतील, त्यांची संमती आहे. ग्रामपंचायतीचे पत्र सोबत जोडले आहे. मी पाण्यात किंवा बोटीत जाणार नाही, गटाच्या महिलांसोबतच राहीन. तारीख ... ला सकाळी कामावर हजर होईन."

बस, एवढंच. यात मालकाच्या चार प्रश्नांची उत्तरं आहेत. किती दिवस, माझं काम कोण करेल, खरंच पूर आहे का, आणि तुला काही झालं तर? चौथा प्रश्न मालक तोंडानं विचारत नाही, पण त्याच्या मनात तोच असतो. ग्रामपंचायतीचं पत्र मिळालं नाही तर तहसील कार्यालयात विचारा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर आहे. कुठल्या गावात माणसं पाहिजेत आणि कुठं रस्ता बंद आहे, ते तिथं विचारता येतं. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर मालकाची किंवा मॅनेजरची सही, तारीख घ्या. रजा वाढवायची असेल तर ती संपायच्या आत कळवा. आमच्यासोबतची एक मुलगी न कळवता दोन दिवस जास्त राहिली. दोन दिवसांचा पगार गेला, आणि पुढच्या वेळी तिला कुणी रजा दिली नाही.

ताईंची रजा मंजूर झाली. मग तिसरी गोष्ट राहिली, मालकाकडून मदत मागायची. ती रजेच्या अर्जात घालू नका. एकाच कागदावर दोन मागण्या असल्या की मालक सोपी ती नाकारतो. रजा मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं बोला, आणि मालकाच्या धंद्यात जे आहे तेच मागा.

"काहीतरी मदत करा" म्हटलं की लोक जुने कपडे देतात. पुराच्या गावात जुन्या कपड्यांचा ढीग पडतो. फाटक्या साड्या, लग्नातले कोट. ते कुणी घेत नाही, पुन्हा आपल्यालाच आवरावे लागतात. शाळेत आसरा घेतलेल्या बाईला पाहिजे असतो कोरडा परकर, निकर, पाळीसाठी कापड किंवा पॅड, आणि म्हाताऱ्यांना चादर. हे ती सरपंचासमोर मागत नाही. ताईंनी आधी त्या गावातल्या बायांना विचारून आकडा आणला. मालकांना सांगितलं, "भाऊ, चाळीस परकर आणि चाळीस चादरी पाहिजेत, आणि एक दिवस दुकानाचा टेम्पो." मालकांनी परकर दिले, चादरी पंचवीस दिल्या, टेम्पो अर्धा दिवस दिला. चौथ्या दिवसाचा पगार मात्र कापलाच. मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही, पण आलेली प्रत्येक वस्तू वापरली गेली.

एक गोष्ट आम्ही आधी बोललो नव्हतो, ती म्हणजे फोटो. टेम्पोवर दुकानाचा फलक लावून आला आणि परकर हातात घेतलेल्या बायांचे फोटो काढायला लागले. बायांनी माना खाली घातल्या. तेव्हापासून मी सांगते, मालकाला पावती द्या, आभाराचं पत्र द्या, सामानाचा फोटो काढू द्या. घेणाऱ्या बाईचा फोटो नाही, हे सामान निघायच्या आधी ठरवा.

आता कारखान्यातल्या आणि खाणीतल्या माणसांबद्दल. तुमचा मुलगा ठेकेदाराकडे असेल तर अर्ज ठेकेदाराला द्यायचा, कारण हजेरी त्याच्या वहीत लागते. कंपनीच्या साहेबांनी तोंडी "जा" म्हटलं तरी ठेकेदार गैरहजर लावू शकतो. कंपनीकडून सामानाची मदत मात्र वेगळी मागता येते. मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि आपत्तीतली मदत त्यात बसते. पण तो पैसा कुणा एकीच्या हातात देत नाहीत. तिथं ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, ठरावासह, नेमक्या वस्तूंची यादी घेऊन जावं लागतं.

आणि रोजमजुरीवर जाणाऱ्या ताई? त्यांना रजाच नाही. त्या आल्या तर त्या दिवसाची चूल अडते. त्यांना "तुम्ही का आल्या नाही" असं गटात कुणी विचारू नये. ज्यांना पगारी रजा आहे त्यांनी कामाचे दिवस घ्यावेत, मजुरीवाल्यांनी जमलं तर सुट्टीचा एखादा दिवस. अंगणवाडी आणि आशाताईंना पुरात ड्युटीच लागते, त्यांना आपल्या यादीत धरू नका.

ही यादी पूर यायच्या आधी पाहिजे. प्रत्येक ग्रामसंघानं मृगाच्या आधीच्या बैठकीत एका वहीत चार रकाने करावेत. कोण कुठं कामाला आहे, किरकोळ रजा किती शिल्लक, तिच्या जागी कोण उभी राहील, आणि तिच्या मालकाच्या धंद्यात पुरात कामाची वस्तू कोणती. औषध दुकानवाल्याकडे पॅड आणि क्लोरीनचे थेंब, हार्डवेअरवाल्याकडे फावडी-घमेली, गिरणीवाल्याकडे टेम्पो. वही घेऊन पुढच्या सभेला या. ज्यांच्या दुकानाला हा कायदा लागू होत नाही त्यांनीही या. त्यांच्या मालकाशी कसं बोलायचं, ते आपण त्या दिवशी एकेकीचं नाव घेऊन ठरवू.