आखाड्यावरची बॅटरी : शिशाची की लिथियमची?

श्रोतेहो, किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा अहमदपूरकडच्या माळावर विजेची तार न पोहोचलेला एखादा आखाडा असतो. छपरावर सौर पाटी बसवली की दिवसाचा प्रश्न सुटतो. रात्रीसाठी बॅटरी लागते, आणि दुकानात दोन प्रकार समोर येतात. एक शिसे आणि आम्लाची ट्युब्युलर, दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. कोणती घ्यावी, हे आज हिशेबाने पाहू.

आधी गरज मोजा. समजा घरात नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास जळतात. हे १३५ वॅट-तास झाले. तीस वॅटचा कमी वीज खाणारा एक पंखा नऊ तास चालला, त्याचे २७०. मोबाइल आणि रेडिओ यांचे २५ धरा. एकूण ४३०. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून रात्रीला ५०० वॅट-तास, म्हणजे अर्धा युनिट धरू. दुसऱ्या दिवशी ऊन पडले नाही तर दोन रात्रींची सोय हवी, म्हणजे १००० वॅट-तास.

आता बॅटरीकडे रांजणासारखे पाहा. रांजण किती मोठा आहे एवढे पुरत नाही, त्यातले किती पाणी उपसायचे तेही ठरवावे लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत १८०० वॅट-तास मावतात. पण तिचा रोजचा उपसा निम्म्यापर्यंतच ठेवावा. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १२८० मावतात, पण त्यातले ८० टक्के बिनधोक वापरता येतात. आपल्या दोन रात्रींना ट्युब्युलरचा उपसा सुमारे ५६ टक्के होतो आणि लिथियमचा ७८. म्हणजे आकाराने लहान असूनही लिथियम तेवढेच काम करते.

एकदा भरली, एकदा उपसली, की एक फेरा झाला. उपसा जितका खोल, तितके फेरे कमी. कंपन्यांच्या पत्रकात ट्युब्युलरला ८० टक्के उपशावर साधारण १५०० फेरे आणि निम्म्या उपशावर त्याच्या दुपटीच्या आसपास दिलेले दिसतात. लिथियमला ८० टक्क्यांवरही २००० ते ४००० किंवा अधिक. मात्र हे आकडे पंचवीस-सत्तावीस अंश तापमानाचे आहेत, बरं का! नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, आणि दर दहा अंशांच्या वाढीला शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. लिथियमलाही उष्णता मानवत नाही. म्हणून कोणतीही बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका. सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा.

पण शिशाच्या बॅटरीला खरे मारते ती पावसाळ्यातली झड. आठवडाभर ऊन नाही, बॅटरी अर्धवटच भरते, तरी रोज रात्री उपसा चालूच. मग शिशाच्या पट्ट्यांवर बसलेले सल्फेट कडक होते आणि पुढे पूर्ण भरूनही ती लवकर उतरते. हे ओळखायचे कसे? पूर्ण भरल्यावर प्रत्येक खणात हायड्रोमीटर बुडवा. काटा १२४० च्या आसपास हवा. तो ११८० च्या पुढे जातच नसेल, तर सल्फेट बसले समजा. एकाच खणाचा आकडा खाली असेल, तर तो खण बिघडला. पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खराब करतात. आम्ल तर वरून कधीच घालू नये. शिक्षकांनी हायड्रोमीटरचे हे वाचन मुलांकडून करून घ्यावे.

लिथियमला अर्धवट भरणे चालते, पाणी लागत नाही. मात्र तिच्यासाठी चार्जरवर लिथियमची जोडणी निवडलेली असावी. शिशाच्या बॅटरीला अधूनमधून देतात तो जादा व्होल्टेजचा भरणा हिला देऊ नये. आणि आतले नियंत्रक यंत्र बिघडले, तर गावच्या मेकॅनिकला ते बहुधा दुरुस्त करता येत नाही.

पैशाचा हिशेब सोपा आहे. समजा ट्युब्युलर १५,००० रुपयांना मिळाली आणि पाच वर्षे टिकली. रोज अर्धा युनिट म्हणजे सुमारे ९०० युनिट. युनिटला जवळजवळ १७ रुपये पडले. लिथियम ३०,००० ना मिळाली, तर तेवढाच दर पडायला ती दहा वर्षे टिकली पाहिजे. दुप्पट किंमत, तर दुप्पट वर्षे. म्हणून आधी हमीपत्र वाचा. त्यात वर्षे किती आणि किती टक्के उपशावर, ते पाहा.

ज्या घरी दर महिन्याला पाणी पाहणारा माणूस आहे आणि पाटी मोठी आहे, तिथे ट्युब्युलर चांगली चालेल. मोडल्यावर शिशाचेही पैसे येतात. जिथे घर बंद राहते, देखभाल होत नाही किंवा झडीत बॅटरी भरत नाही, तिथे लिथियमच घ्यावी. आणि विहिरीची मोटर या हिशेबात धरू नका. तिला वेगळी पाटी लागते आणि ती दिवसाच, उन्हात चालवावी.