तक्रार दिली, पण पोच घेतली का?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात 2024 मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेच्या शाखेत मी बरीच वर्षे काम केले. काउंटरच्या आतल्या बाजूने तक्रारी ऐकल्या, निवृत्तीनंतर आता बाहेरच्या बाजूने लिहून देतो. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आपली माणसे तक्रार करत नाहीत असे नाही, ती चार-चार वेळा शाखेत जातात. फक्त त्या चार फेऱ्यांचा कागदावर कुठेच पत्ता नसतो. आणि बँकेच्या हिशेबात तोंडी तक्रारीला तारीख नसते. तारीख नाही म्हणजे मुदत नाही, मुदत नाही म्हणजे वर जाण्याचा रस्ताही नाही.

एक प्रकरण सांगतो. आमच्या वस्तीतल्या एका भगिनीने, त्या शिवणकाम करतात, 3 जून 2023 रोजी एटीएममधून दहा हजार काढायला कार्ड घातले. मशीन दुसऱ्या बँकेचे होते. पैसे बाहेर आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाल्याचा मेसेज आला. शनिवार होता. सोमवारी त्या आपल्या शाखेत गेल्या तर उत्तर मिळाले, "मशीन ज्यांचे, त्यांच्याकडे जा." तिकडे गेल्या तर ते म्हणाले, "तुमचे खाते आमच्याकडे नाही."

इथे पहिली गोष्ट समजून घ्या. मशीन कोणाचेही असो, तक्रार आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची. दुसऱ्या बँकेशी बोलणे, तिच्याकडून मशीनची नोंद मागवणे, हे आपल्या बँकेचे काम आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. सुट्ट्याही त्यातच धरायच्या. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. न मागता मिळाल्याचे मी फार कमी वेळा पाहिले आहे, ते सोडा.

पाच दिवस 8 जूनला संपले. 9 तारखेला आम्ही शाखाधिकाऱ्यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहिला. खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, मशीनचे ठिकाण, वेळ, मेसेजची प्रत. मागण्या दोनच: दहा हजार परत द्या, आणि 9 जूनपासून रोजचे शंभर रुपये द्या. भरपाईची मागणी पहिल्याच अर्जात लिहिणे महत्त्वाचे आहे. जी मागणी बँकेपुढे लेखी ठेवलीच नव्हती, ती पुढे लोकपालांसमोर मांडता येत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का मारायला कोणी टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नका. तोच मजकूर बँकेच्या तक्रार ई-मेलवर किंवा संकेतस्थळावर टाका आणि तक्रार क्रमांक उतरवून घ्या. पोस्टाने पाठवली तर पोचपावती जपून ठेवा.

आता पायऱ्यांचे. बँकेत शाखाधिकारी, त्यांच्यावर विभागीय नोडल अधिकारी, त्यांच्यावर प्रधान नोडल अधिकारी, अशी साखळी साधारणपणे असते. नावे आणि प्रत्येक पायरीचे दिवस बँकेगणिक बदलतात. ते शाखेतल्या फलकावर किंवा बँकेच्या तक्रार निवारण धोरणात लिहिलेले असतात. पण ग्राहकाच्या दृष्टीने खरा आकडा एकच, 30 दिवस. ते पहिली लेखी तक्रार बँकेला मिळाल्यापासून मोजायचे. वरच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. "आता नोडल अधिकाऱ्यांकडे दिलीत ना, मग अजून 30 दिवस थांबा" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. किंबहुना रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यासाठी बँकेतल्या सगळ्या पायऱ्या चढलेल्या असाव्यात अशी अटही नाही. अट आहे ती बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याची. तरीही मी नोडल अधिकाऱ्याला पत्र लिहायला सांगतो, कारण पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

29 जूनला बँकेचे उत्तर आले: "व्यवहार यशस्वी झाल्याचे दिसते, तक्रार बंद." हे वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की संगणकावर यशस्वीचा संकेत दिसला आणि पुढे कोणी पाहिले नाही. मशीनची स्वतःची नोंद असते, तिला जर्नल म्हणतात. नोटा खरोखर बाहेर पडल्या का, हे तिच्यात उमटते. शिवाय मशीनमधली रोकड मोजताना पैसे जास्त निघाले, तर कोणाचे तरी पैसे आत राहिले हे उघड आहे. म्हणून 3 जुलैच्या दुसऱ्या पत्रात आम्ही जर्नलची प्रत, त्या दिवसाचा रोकड ताळा आणि कॅमेऱ्याचे चित्रण मागितले. चित्रण काही काळाने पुसले जाते, तेव्हा ते जपून ठेवण्याची विनंती लवकर केलेली बरी.

आणखी एक तपासायचे असते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या वाणिज्य बँकांना अंतर्गत लोकपाल नेमावा लागतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारायची असेल तर बँकेने ती आपणहून त्यांच्यापुढे ठेवायची असते. ग्राहकाने थेट तिथे जायचे नसते. नकाराच्या पत्रात अंतर्गत लोकपालांनी पाहिल्याचा उल्लेख आहे का, ते वाचा. आमच्या पत्रात नव्हता. आम्ही तसे लिहून विचारले.

14 जुलैला दहा हजार जमा झाले. भरपाईबद्दल अक्षर नाही. 9 जून ते 13 जुलै म्हणजे 35 दिवस, साडेतीन हजार रुपये. अनेकांनी इथे सोडून दिले असते. या भगिनी म्हणाल्या, "भाईजान, साडेतीन हजार म्हणजे माझं अख्ख्या महिन्याचं भाडं." ऑगस्टमध्ये आम्ही cms.rbi.org.in वर तक्रार भरली. बँकेला दिलेला अर्ज, त्यावरची पोच, नकाराचे पत्र आणि खात्याचा उतारा जोडला. बँकेकडे विचारणा झाल्यावर बँकेनेच रक्कम जमा केली.

लोकपालाची ही एकात्मिक योजना 12 नोव्हेंबर 2021 पासून सुरू झाली. फी नाही. बँकेने नाकारले किंवा समाधान झाले नाही, तर 30 दिवस पुरे होईपर्यंत थांबावे लागत नाही, उत्तर मिळताच जाता येते. उत्तरच आले नाही तर मात्र 30 दिवस थांबायचे. 2021 च्या योजनेप्रमाणे उत्तर मिळाल्यापासून एका वर्षात, किंवा उत्तर नसेल तर तक्रारीच्या तारखेपासून एक वर्ष आणि 30 दिवसांत जावे लागते. त्याच विषयावर कोर्टात दावा चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. कर्ज का नाकारले, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असेल तर तोही तिथे चालत नाही. आपल्याकडे त्याच तक्रारी जास्त येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पण कर्जाच्या अर्जावर उत्तरच न देणे ही वेगळी गोष्ट आहे, ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते.

कार्यकर्त्यांसाठी एक सोय आहे. ग्राहकाने लेखी अधिकारपत्र दिले तर आपण त्याच्या वतीने तक्रार करू शकतो, मात्र वकिलामार्फत ती करता येत नाही. आणि पतपेढीची तक्रार घेऊन इकडे येऊ नका. ती सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. पाटीवर "बँक" शब्द आहे का, हे अर्ज लिहिण्याआधी बघून घ्या.

आता तुमच्यापैकी ज्यांनी कागद आणले आहेत, त्यांचे एकेक पाहू.