सहावी खेप फुकट



माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या केशकर्तनालयात पाच खेपा केस कापणारास सहावी खेप फुकट, असे कार्ड काढले. "गुरुजी, माझे जाते काय? पात आणि पावडर, दहा रुपये!" असे तो म्हणाला. मी त्याला वही आणावयास सांगितली.

दर १५० रुपये. त्यातील ७५ कारागिराचे, आणि फुकटच्या खेपेसही तो आपला वाटा घेणारच. सामानाचे १०. म्हणजे एरवी मालकास उरतात ६५, आणि फुकट खेप पडते ८५ ला. तीही खुर्ची रिकामी असेल तर! रविवारी बाकावर ताटकळलेले गिऱ्हाईक उठून गेले की त्याचे ६५ ही बुडाले. तीच खेप पुऱ्या १५० ला पडली. म्हणून कार्डावर 'मंगळवार ते शुक्रवार' असे छापावे.

नवे गिऱ्हाईक आणणारास ५० व नव्यास ५० सूट, हेही त्याने ठरविले होते. त्या खेपेचे हाती येतात ५०, खर्च ८५. नवा माणूस पुन्हा फिरकलाच नाही, तर ही ३५ ची तूट कायमची. तेव्हा आणणाराची सूट नव्याच्या दुसऱ्या खेपेनंतर द्यावी, हे त्याला पटले.

नवी कार्डे छापून आली आहेत. जुनी मात्र अद्याप लोकांच्या खिशात आहेत, आणि ती नेमकी रविवारीच बाहेर निघतात.