कपाटामागची भिंत

इच्छापोरला समुद्रही जवळ आणि तापीही. एका श्रावणात खालच्या फळीवरचे पुस्तक काढले, तर आधी कुबट वास आला, मग पुठ्ठ्याच्या मागच्या कडेवर पांढुरकी बुरशी दिसली. वरच्या फळ्या मात्र स्वच्छ होत्या. चूक माझीच होती. पाऊस झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला मी कपाट चिकटवून ठेवले होते. मागची हवा कोंडली आणि ओल पुस्तकांत उतरली.

सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते. बांधणीतली खळ खाणाऱ्या कसरीलाही अशीच ओल मानवते. डांबरगोळ्यांनी हवेतली ओल कमी होत नाही.

ती पुस्तके मी वेगळी काढली, सावलीत पंख्याखाली सुकवली आणि नाकाला फडके बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडली. ओली बुरशी झाडू नये, ती कागदात चोळली जाते. उन्हातही टाकू नये. स्वस्त कागदातले लिग्निन उन्हाने लवकर पिवळे पडते आणि तो पिवळेपणा परतत नाही.

आता कपाट आतल्या भिंतीपासून चार बोटे दूर आहे, पुस्तके सैल आहेत आणि खालच्या फळीवर आर्द्रतामापक आहे. बाहेर कोरडे असेल तेव्हाच खिडक्या उघडतो. झडीच्या दिवसांत पंखा हवा हलती ठेवतो, पण ओल काढत नाही. काटा खाली येईना, तर दुर्मीळ पुस्तकांच्या खोलीत ओल शोषणारे यंत्रच लावावे लागते.